विभागप्रमुखांकडे डीएसओ आणि फंक्शन जनरेटर मागताना पत्र कसं लिहावं

प्रश्न: सर, मी सोलापुरातल्या एका खासगी पॉलिटेक्निकमध्ये अ‍ॅनालॉग सर्किट्सची लॅब बघतो. बॅच 20 मुलांची, टेबलं 10. चालू सीआरओ 4 आणि चालू फंक्शन जनरेटर 6. मागच्या वर्षी एचओडी मॅडमकडे नवीन उपकरणांसाठी अर्ज केला होता, तो "निधी उपलब्धतेनुसार" असा शेरा पडून परत आला. या वेळी पत्र कसं लिहू आणि नेमकं काय मागू?

उत्तर: हा शेरा साधारण कोणत्या पत्रावर पडतो ते आधी सांगतो. "उपकरणे जुनी झाली असून विद्यार्थ्यांचे नुकसान होत आहे, तरी 10 डीएसओ व 10 फंक्शन जनरेटर मिळावेत." यात खोटं काहीच नाही. पण ते पत्र मॅडमच्या टेबलावर थांबत नाही. त्यांना ते घेऊन प्राचार्यांकडे आणि पुढे खरेदी समितीसमोर जायचं असतं. तिथे पहिला प्रश्न येतो, "10च का?" दुसरा येतो, "आहेत त्यांचं काय?" उत्तरं पत्रात नसली की मॅडमना तुमच्या बाजूने बोलायला काही उरत नाही, आणि मग तो शेरा पडतो. म्हणून पत्र असं लिहा की या प्रश्नांची उत्तरं मॅडमना कागदावरच सापडतील.

आकड्यापासून सुरुवात करू. अ‍ॅनालॉगच्या प्रॅक्टिकलला नुसता स्कोप किंवा नुसता जनरेटर उपयोगाचा नाही, जोडी लागते. म्हणून चालू टेबलं किती, तर दोन्हींपैकी जो आकडा लहान तेवढी. तुमच्याकडे 4 सीआरओ आणि 6 जनरेटर आहेत, म्हणजे टेबलं चालतात 4 आणि दोन जनरेटर नुसते पडून आहेत. 20 मुलं 4 टेबलांवर, म्हणजे एका टेबलाभोवती 5 जण. दोघा-दोघांचा गट करायचा तर 10 जोड्या हव्यात. त्यासाठी 6 स्कोप आणि 4 जनरेटर लागतात, 10 आणि 10 लागत नाहीत. चालू उपकरणं न मोजता सरसकट 10 मागितले की समितीला वाटतं, यांनी हिशेब केलेलाच नाही.

आता 5 जणांनी बिघडतं काय, तेही मिनिटांत मांडा. आरसी कपल्ड अ‍ॅम्प्लिफायरचा फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स घ्या. दोन तासांच्या प्रॅक्टिकलमध्ये हजेरी, समजावणं, सर्किट जोडणं, डीसी बायस तपासणं यात साधारण तासभर जातो. उरलेल्या तासात 50 हर्ट्झपासून 1 मेगाहर्ट्झपर्यंत 15 ते 20 फ्रिक्वेन्सींवर रीडिंग घ्यायचं. प्रत्येक रीडिंगला इनपुट तेवढंच आहे ना ते बघायचं, टाइम बेस बदलायचा, आउटपुट मोजायचं. नवख्या हाताला दोन-तीन मिनिटं सहज लागतात. म्हणजे तो तास एका गटाचं एकच रीडिंग-टेबल पुरं करण्यात संपतो. दोघांत प्रत्येकाच्या हाताला अर्धा तास येतो, पाचांत 12 मिनिटं. प्रत्यक्षात तसंही होत नाही. एक मुलगा नॉब फिरवतो, एक लिहितो आणि तिघं जर्नलमध्ये उतरवून घेतात. तोंडी परीक्षेत परीक्षकाने "ट्रिगर लेव्हल कुठे आहे, दाखव" म्हटलं की हे तिघं अडकतात. पत्रात "नुकसान होते" या शब्दांच्या जागी हा हिशेब घाला.

यानंतर स्पेसिफिकेशन. इथे बहुतेक जण एखाद्या कंपनीचं कॅटलॉग उघडून त्यातली ओळ न ओळ उतरवतात. तसं केलं की समिती म्हणते, हे एकाच विक्रेत्यासाठी लिहिलंय, आणि तिची हरकत रास्त असते. स्पेसिफिकेशन तुमच्या प्रयोगयादीतून निघायला हवं.

तुमच्या यादीत सगळ्यात वरची फ्रिक्वेन्सी कुठे येते? 741 चा युनिटी गेन साधारण 1 मेगाहर्ट्झला संपतो. कोलपिट्स, हार्टले ऑसिलेटरही लॅबमध्ये फार तर एक-दोन मेगाहर्ट्झपर्यंत जातात. स्कोपचा राइज टाइम `0.35 / BW` या सूत्राने काढला तर 50 मेगाहर्ट्झच्या स्कोपचा 7 नॅनोसेकंद येतो. या लॅबमधली कोणतीही कड त्यापेक्षा कितीतरी मंद असते. म्हणून 50 मेगाहर्ट्झ भरपूर झाले. 100 मागाल तर "कशासाठी?" याचं उत्तर तुमच्याकडे नसेल, आणि त्या पैशात एखादा स्कोप कमी येईल.

पण मग कुणी उलटं विचारेल, "जुने सीआरओ 20 मेगाहर्ट्झचेच आहेत ना, मग तेही पुरेसे आहेत." बँडविड्थपुरतं ते खरं आहे, आणि पत्रात ते मान्य करा. डीएसओ मागण्याचं कारण वेगळं आहे. 100 किलोओहम आणि 10 मायक्रोफॅरडचा टाइम कॉन्स्टंट 1 सेकंदाचा. सीआरओवर तो चार्ज होताना फक्त एक ठिपका वर सरकताना दिसतो, वक्र दिसत नाही आणि 63 टक्क्यांची वेळ मोजता येत नाही. डीएसओ तो वक्र पकडून ठेवतो, कर्सर लावून वेळ वाचता येते, आणि वेव्हफॉर्म पेन ड्राइव्हवर घेऊन जर्नलला चिकटवता येतो. एकदाच घडून जाणारी कोणतीही गोष्ट अशीच आहे.

स्कोपच्या स्पेसिफिकेशनमध्ये एक ओळ न विसरता घाला: सॅम्पलिंग रेट दोन्ही चॅनल चालू असताना किती. माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरात छापलेला आकडा बहुधा एकाच चॅनलचा असतो आणि दुसरा चालू केला की तो निम्मा होतो. आपल्याला इनपुट-आउटपुट नेहमी सोबतच बघायचं असतं. 50 मेगाहर्ट्झसाठी दोन्ही चॅनलवर प्रत्येकी किमान 250 मेगासॅम्पल प्रति सेकंद लिहा.

जनरेटरच्या बाबतीत मात्र जास्तीत जास्त फ्रिक्वेन्सीपेक्षा कमीत कमी अ‍ॅम्प्लिट्यूड महत्त्वाचं आहे, आणि मागणीपत्रांत नेमकी हीच गोष्ट राहून जाते. एमिटर बायपास केलेल्या बीसी547 च्या स्टेजचा गेन सहज 150 च्या आसपास येतो. इनपुट 20 मिलिव्होल्ट पीक-टू-पीक दिलं तर आउटपुट 3 व्होल्ट, 12 व्होल्ट सप्लायवर व्यवस्थित बसतं. पण जुना जनरेटर पार खाली केला तरी 150-200 मिलिव्होल्टच्या खाली स्वच्छ साइन देत नाही. मग आउटपुट दोन्ही बाजूंनी सपाट कापलं जातं, आणि मुलं त्या कापलेल्या वेव्हचा गेन काढून ग्राफ मारतात. ग्राफ मधल्या भागात शंकास्पद इतका सरळ दिसतो आणि गेन अपेक्षेपेक्षा कमी येतो. जर्नल तपासताना असे ग्राफ दिसले तर दोन-तीन झेरॉक्स पत्राला जोडा, त्यांच्यापेक्षा मोठा पुरावा नाही. नवीन जनरेटर येईपर्यंत 10 किलोओहम आणि 100 ओहमचा डिव्हायडर लावून सिग्नल साधारण शंभराव्या हिश्श्यावर आणा. इनपुट डिव्हायडरच्या आधी मोजा आणि भागा, कारण 2 मिलिव्होल्ट प्रति डिव्हिजनवर नॉइजच जास्त दिसतो.

वरच्या टोकाला 20 व्होल्ट पीक-टू-पीक ओपन सर्किट आणि डीसी ऑफसेट हवा, श्मिट ट्रिगर आणि क्लिपर-क्लॅम्परसाठी तो लागतोच. डीडीएस प्रकारचा, 10 मेगाहर्ट्झपर्यंत साइन देणारा जनरेटर या लॅबला पुरेसा होतो.

आता पत्राचा मसुदा. मोकळ्या जागा तुम्ही भरा.

---

प्रति,
मा. विभागप्रमुख,
अणुविद्युत व दूरसंचार अभियांत्रिकी विभाग,
............ सोलापूर

दिनांक: ............

विषय: अ‍ॅनालॉग सर्किट्स प्रयोगशाळेसाठी 6 डिजिटल स्टोरेज ऑसिलोस्कोप व 4 फंक्शन जनरेटर मिळणेबाबत.

संदर्भ: माझे दि. ............ रोजीचे पत्र व त्यावरील आपला शेरा.

मा. महोदया,

वरील विषयास अनुसरून सविस्तर माहिती सादर करीत आहे.

प्रयोगशाळेत 10 टेबले आहेत. सध्या 4 सीआरओ व 6 फंक्शन जनरेटर चालू स्थितीत आहेत. प्रत्येक प्रयोगास दोन्ही उपकरणे एकत्र लागत असल्याने प्रत्यक्षात 4 टेबलांवरच काम होते व 20 विद्यार्थ्यांच्या बॅचमध्ये एका टेबलावर 5 विद्यार्थी असतात. दोन तासांच्या प्रात्यक्षिकात प्रत्येक विद्यार्थ्यास उपकरण हाताळण्यास सरासरी 12 मिनिटे मिळतात. बंद उपकरणांची डेड स्टॉक क्रमांकासह यादी, प्रत्येकातील दोष व दुरुस्तीबाबतचा अभिप्राय जोडपत्र 1 मध्ये दिला आहे.

दोन विद्यार्थ्यांमागे एक टेबल चालू करण्यासाठी 6 ऑसिलोस्कोप व 4 फंक्शन जनरेटरची आवश्यकता आहे. चालू असलेले सीआरओ व जनरेटर वापरात राहतील.

संपूर्ण खरेदी एकाच वर्षात शक्य नसल्यास ती दोन टप्प्यांत करता येईल. पहिल्या टप्प्यात 3 ऑसिलोस्कोप व 1 फंक्शन जनरेटर घेतल्यास 7 टेबले चालू होतील व एका टेबलावर जास्तीत जास्त 3 विद्यार्थी राहतील. दुसऱ्या टप्प्यात 3 ऑसिलोस्कोप व 3 फंक्शन जनरेटर घेतल्यास सर्व 10 टेबले चालू होतील.

अभ्यासक्रमातील प्रयोग व त्यासाठी लागणारी किमान क्षमता यांचा तक्ता जोडपत्र 2 मध्ये आहे. तांत्रिक तपशील त्यावरूनच ठरविला असून तो कोणत्याही एका कंपनीपुरता मर्यादित नाही. तीन विक्रेत्यांची जीएसटी व वाहतूक खर्चासह कोटेशन्स व तुलनात्मक तक्ता जोडपत्र 3 मध्ये सादर केला आहे. पहिल्या टप्प्याचा अंदाजे खर्च रु. ............ व दुसऱ्या टप्प्याचा रु. ............ आहे.

तरी सदर मागणी आगामी अंदाजपत्रकात समाविष्ट करून खरेदी समितीपुढे ठेवण्यासाठी आपली शिफारस मिळावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
............
प्रयोगशाळा निदेशक

सोबत: जोडपत्र 1 ते 3

---

मसुदा मुद्दाम एका पानात ठेवला आहे, बाकी सगळं जोडपत्रांत जाऊ द्या. टप्प्यांचा परिच्छेद मात्र पहिल्याच पानावर असू द्या. पूर्ण रक्कम मंजूर होत नसेल तर समिती स्वतःच्या मनाने काटछाट करते, आणि त्यांना हिशेब माहीत नसला की "5 जनरेटर द्या, स्कोप पुढच्या वर्षी" असं होतं. तुमच्याकडे जनरेटर आधीच जास्त आहेत; आणखी 5 आले तरी टेबलं 4च चालणार. काय कापायचं हे तुम्हीच आधी सांगितलं की कापूनसुद्धा टेबलं वाढतात.

जोडपत्र 1 ला खरा वेळ द्या. "नादुरुस्त" एवढंच लिहू नका. "चॅनल 2 वर ट्रेस येत नाही", "ट्रिगर टिकत नाही, वेव्ह सतत सरकते", "ट्यूब मंद, इंटेन्सिटी पूर्ण वाढवूनही ट्रेस अस्पष्ट" असं लिहा. प्रोब किंवा बीएनसी सॉकेटचा दोष असेल तर तो लॅबमध्येच दुरुस्त करून घ्या आणि तसं नमूद करा. एखादा सीआरओ यातूनच चालू झाला तर मागणी 5 वर आणा. ट्यूबच गेली असेल तर तिथे दुरुस्तीला अर्थ नाही, आणि मेकॅनिकचा तसा लेखी अभिप्राय जोडला की "दुरुस्त का करत नाही?" हा प्रश्न तिथेच मिटतो.

आणखी दोन सूचना समितीत हमखास येतात. एक, "सिम्युलेशनवर भागवा." त्याला उत्तर असं द्या: सिम्युलेशनमध्ये कुठलाही बिंदू ग्राउंड धरता येतो, टेबलावर तसं नसतं. स्कोपच्या दोन्ही चॅनलची ग्राउंड क्लिप आतून एकच असते आणि अर्थिंगला जोडलेली असते. मुलाने दुसरी क्लिप चुकून कलेक्टरला लावली की कलेक्टर थेट ग्राउंड होतो. हे शिकायला खरा स्कोपच लागतो. दुसरी सूचना, "जनरेटर आतच असलेला डीएसओ घ्या, एकाच उपकरणात काम होईल." शिक्षकाच्या स्वतःच्या टेबलासाठी हे चांगलं आहे. मुलांच्या लॅबसाठी मी वेगवेगळी उपकरणंच घेईन. एकत्र उपकरण दुरुस्तीला गेलं की अख्खं टेबल बंद, आणि तुमच्याकडे आधीच असलेले दोन जादा जनरेटर वायाच जातात.

सोलापूरसाठी दोन अटी वेगळ्या घाला. काही डीएसओच्या डेटाशीटमध्ये वापराचं कमाल तापमान 40 अंश दिलेलं असतं, काहींत 50. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा 40 च्या वर जातो, उन्हाळी परीक्षेची प्रॅक्टिकलं त्याच सुमारास असतात आणि लॅबमध्ये एसी नसतो. म्हणून 50 अंशांची अट लिहा. दुसरी अट वॉरंटीची. विक्रेते बहुतेक पुण्याचे असतात आणि सर्व्हिस सेंटरही तिकडेच. वॉरंटीच्या काळात उपकरण नेण्या-आणण्याचा खर्च विक्रेत्याचा, हे कोटेशन मागतानाच लेखी घ्या. नाहीतर वॉरंटी असूनही बंद स्कोप कपाटात पडून राहतो, कारण पार्सलच्या खर्चाला कुणी सही करत नाही.

प्रोब्जचा उल्लेख वेगळा करा. मुलांच्या लॅबमध्ये सगळ्यात आधी प्रोबच तुटतो, हूक निघतो नाहीतर ग्राउंडची वायर मुळाशी तुटते. स्कोपसोबत दोन येतातच. 6 स्कोपमागे आणखी 4 जादा प्रोब आणि जनरेटरसाठी बीएनसी ते क्रोकोडाइल केबल्स याच ऑर्डरमध्ये घ्या. नंतर त्यांच्यासाठी वेगळं पत्र लिहावं लागलं तर महिने जातात.

खरेदी मंजूर झाली की पुढचं काम डिलिव्हरीच्या दिवसाचं. "पेमेंट तपासणीनंतर" ही अट ऑर्डरमध्येच असू द्या आणि तपासणी अशी करा. आधी टेबलांचं अर्थिंग बघा. उन्हाळ्यात जमीन सुकली की अर्थिंग कमजोर होतं. न्यूट्रल आणि अर्थमध्ये मल्टिमीटरने मोजा, दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा, खड्ड्यात पाणी घाला. चटका बसतो म्हणून स्कोपच्या प्लगची अर्थ पिन कापण्याची पद्धत काही ठिकाणी आहे, ती तुमच्या लॅबमध्ये अजिबात चालू देऊ नका. मग प्रत्येक प्रोब स्कोपवरच्या 1 किलोहर्ट्झ स्क्वेअर वेव्हला लावून त्याचा छोटा स्क्रू फिरवा, कोपरे चौकोनी व्हायला हवेत. प्रोबवर 10X आणि चॅनलच्या मेनूत 1X असेल तर आकडा दहापट चुकतो, हे मुलांच्या आधी तुम्ही बघून ठेवा.

जनरेटरवर 1 व्होल्ट लावून स्कोपवर 2 दिसले तर उपकरण परत पाठवू नका. जनरेटरचा आउटपुट इम्पिडन्स 50 ओहमचा असतो आणि मेनूत लोड 50 ओहम धरलेला असेल तर तो तेवढ्या लोडवरचा आकडा दाखवतो. स्कोपचा इनपुट 1 मेगाओहम असल्याने त्यावर दुप्पट येतं. मेनूत लोड `High Z` करा, दोन्ही आकडे जुळतील. मग 51 ओहमचा रेझिस्टर आउटपुटला समांतर लावा. व्होल्टेज जवळपास निम्मं झालं तर जनरेटर बरोबर आहे.

शेवटी पूर्ण टेबल एकत्र तपासायचं तर 741 चा व्होल्टेज फॉलोअर जोडा आणि 10 व्होल्ट पीक-टू-पीक, 10 किलोहर्ट्झची स्क्वेअर वेव्ह द्या. 741 चा स्ल्यू रेट साधारण 0.5 व्होल्ट प्रति मायक्रोसेकंद. म्हणजे आउटपुट 20 मायक्रोसेकंद तिरकं चढेल आणि पुढचे 30 मायक्रोसेकंद सपाट राहील. फ्रिक्वेन्सी 25 किलोहर्ट्झच्या आसपास नेली की सपाट भाग संपून पूर्ण त्रिकोण होतो, 50 ला त्रिकोणाची उंची निम्मी. आयसीनुसार हे आकडे थोडे इकडेतिकडे होतील, पण स्कोपवर इनपुट चौकोनी आणि आउटपुट तिरकं एकाच पडद्यावर दिसलं तर जनरेटरची कड, दोन्ही चॅनल, ट्रिगर आणि कर्सर सगळं एकदम तपासून होतं. प्रत्येक टेबलाचा हा वेव्हफॉर्म पेन ड्राइव्हवर घ्या, डेड स्टॉक क्रमांकाच्या नावाने जपून ठेवा आणि त्याची प्रिंट तपासणी अहवालाला लावा.

वेळेचं म्हणाल तर पत्र जानेवारीत द्या, विभागाच्या अंदाजपत्रकाचे कागद फिरायच्या आधी. मार्च उजाडल्यावर दिलेल्या पत्रासाठी रक्कम शोधावी लागते. कोटेशनची मुदत तपासा. बैठकीपर्यंत ती संपणार असेल तर विक्रेत्याकडून वाढवून घ्या. पत्र आवकला देऊन पोच घ्या, आणि जोडपत्रांचा दुसरा संच मॅडमच्या हातात वेगळा द्या, कारण बैठकीला त्या तो सोबत नेतील.